मदत हवी आहे: परमँगनेटचा आलेख मध्येच मागे वळतो, यंत्र बिघडले आहे की तक्ता चुकला आहे?

सावळी
नमस्कार. मी दक्षिण गोव्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाच द्रावणांचे अ‍ॅब्सॉर्बन्स मोजले, ते ओळीने वाढत गेले, परंतु आलेख काढला तर पहिले दोन बिंदू उजवीकडे जातात आणि पुढचे तीन पुन्हा डावीकडे येऊन बसतात. संगणकाने काढलेला उतारही उणे येतो. या आठवड्यात पावसामुळे वीज सारखी जात होती आणि यंत्रही जुने आहे, म्हणून दोष यंत्राचाच असावा असे मला वाटते. सोमवारी जर्नल द्यायचे आहे. यंत्र पुन्हा जुळवून कसे घ्यायचे, एवढेच कृपया कोणी सांगावे.

आगशीकर
कोणते परमँगनेट, कोणती तरंगलांबी, द्रावणे कशी विरल केली आणि शून्य कशावर लावले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. तक्ता जसा टंकित केला आहे तसाच शीर्षकांसह येथे द्यावा.

तिसरा_मजला
यंत्राचा दिवा चालू केल्यावर अर्धा तास तापू द्यावा लागतो आणि वीज गेल्यानंतर तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो. आमच्या प्रयोगशाळेत स्टॅबिलायझर बसवेपर्यंत दर पावसाळ्यात हीच रड होती. आधी स्टॅबिलायझरची मागणी करावी, बाकीचे नंतर पाहावे.

सावळी
पदार्थ पोटॅशियम परमँगनेट आहे, दुसरे काय असणार? तरंगलांबी ५२५ नॅनोमीटर, क्युव्हेट एक सेंटिमीटरचे, शून्य ऊर्ध्वपातित पाण्यावर लावले. तक्ता असा आहे:

```
c x 10^-5     A
4.00        0.095
8.00        0.187
1.20        0.283
1.60        0.375
2.00        0.471
```

जुने_माप
यंत्राला हात लावू नये. उजवा स्तंभ वरून खाली वाचला, तर प्रत्येक पायरी ०.०९२ ते ०.०९६ इतकी आहे. वीज जाण्याने किंवा दिवा डळमळल्याने बिघडलेले वाचन इतक्या शिस्तीत चढत नाही. खाली पडला आहे तो डावा स्तंभ, आणि तोही नेमका ८.०० नंतर. ही पाच द्रावणे कशी तयार केली, ते पिपेट आणि फ्लास्क यांच्या आकारमानांसह लिहावे. प्रयोग करताना हाताने लिहिलेली वही जवळ असेल, तर तिच्यातले संहतीचे आकडे तक्त्यातून नव्हे, वहीतूनच वाचून सांगावेत.

गणिताचा_हट्ट
एवढ्या चौकशीची गरज नाही. शेवटच्या तिन्ही आकड्यांना दहाने गुणावे, आलेख सरळ येईल आणि काम संपेल. शिवाय ०.०९५ हा आकडा ०.०९५० असा लिहावा, म्हणजे सगळ्या स्तंभात तीन सार्थक अंक होतील. परीक्षक अशा गोष्टींचे गुण कापतात.

सावळी
०.०२०० मोल प्रति लिटर द्रावणातून ५ मिलिलिटर घेऊन २५० पर्यंत पातळ केले. त्यातून ५, १०, १५, २० आणि २५ मिलिलिटर घेऊन प्रत्येकी ५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरले. वहीत मी ४.०० × १०⁻⁵, ८.०० × १०⁻⁵, १.२० × १०⁻⁴, १.६० × १०⁻⁴ आणि २.०० × १०⁻⁴ असे लिहिलेले आहे. तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून दहाचा घात शीर्षकात नेला आणि खाली नुसते आकडे उतरवले. हे लिहितानाच लक्षात आले, पण एकदा खात्री करून द्याल का?

जुने_माप
चूक आपणच शोधलीत. ५ मिलिलिटरचे २५० केले, म्हणजे पन्नासपट पातळ झाले, तेव्हा मधले द्रावण ४.०० × १०⁻⁴. त्यातले १५ मिलिलिटर ५० मध्ये गेले, म्हणजे दहापैकी तीन भाग, म्हणून १.२० × १०⁻⁴. शीर्षकात १०⁻⁵ ठेवायचे असेल, तर तिसऱ्या ओळीत १२.० यायला हवे आणि त्याखाली १६.० व २०.०. एकाच घाताखाली आकडे आणताना दशांशचिन्ह सरकवावे लागते. आपण फक्त पुढचा आकडा उचलला. माझ्या पाहण्यात ही घसरण बहुतेक वेळा जिथे संख्या ९.९९ ओलांडते तिथेच होते, कारण वर घात एक असतो आणि खाली दुसरा.

गणिताचा_हट्ट यांचे उत्तर बरोबर आहे, पण त्यांची वाट मला मान्य नाही. रेषा सरळ यावी म्हणून आकडा दहाने गुणणे म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे झाले. दहाने गुणायचे ते १५ मिलिलिटर पिपेटने घेतल्याची नोंद वहीत आहे म्हणून. तशी नोंद नसती, तर ती ओळ संशयास्पद म्हणून ठेवावी लागली असती.

द्रावणे अजून फेकली नसतील, तर एक साधी खात्री डोळ्यांनीही होते. पाचही फ्लास्क पांढऱ्या कागदासमोर ओळीने ठेवावेत. तक्त्याप्रमाणे पाचवे द्रावण पहिल्याच्या निम्म्या संहतीचे आहे, म्हणजे ते पहिल्यापेक्षा फिकट दिसायला हवे.

सावळी
फ्लास्क अजून बाकावर आहेत. पहिला कोकमाचे सरबत फार पाणी घालून केल्यासारखा फिकट गुलाबी आहे आणि पाचवा चांगला गडद जांभळट आहे. हे मी काल दिवसभर पाहत होते आणि तरीही यंत्रालाच दोष देत होते.

खारे_पाणी
माझे अगदी असेच झाले होते. मे महिन्यात आम्ही सावर्डे ते कुठ्ठाळी असे जुवारीच्या पाण्याचे नमुने घेतले होते आणि समुद्राकडे जाताना वाहकता वाढत जायला हवी होती. मीटरने मात्र मध्येच आपण होऊन मायक्रोसीमेन्सवरून मिलिसीमेन्सवर उडी मारली. सहकाऱ्याने फक्त आकडे उतरवले, एकक नाही. त्यामुळे तक्त्यात नऊशेच्या खाली एकदम १.८ आले आणि नदी समुद्राजवळ जाऊन गोडी झाली! तेव्हा आपणही मीटरची रेंज तपासावी.

आगशीकर
येथे मीटरची रेंज बदललेलीच नाही, अ‍ॅब्सॉर्बन्सला एककच नसते. पण तुमच्या गोष्टीतला एक भाग लागू पडतो. तुमची घसरण हजारपटीची होती आणि मधल्या ओळीत होती, म्हणून दिसली. पहिल्या नमुन्यापासून मीटर मिलिसीमेन्सवरच असते आणि शीर्षकात मायक्रो लिहिले गेले असते, तर वाढता क्रम अगदी देखणा आला असता आणि कोणालाही शंका आली नसती.

जुने_माप
आगशीकर यांनी खरे दुखणे सांगितले. सावळीताई, तुमच्या पाचही ओळींत घात सारखाच चुकला असता, तर रेषा तितकीच सरळ आली असती, कारण सरळपणा दहाच्या घाताबद्दल काहीच बोलत नाही. बोलतो तो उतार. म्हणून तक्त्याला तिसरा स्तंभ जोडावा. संहती A स्तंभात आणि अ‍ॅब्सॉर्बन्स B स्तंभात असेल, तर एवढे पुरते:

```
=B2/A2
```

संहतीच्या रकान्यात शीर्षकाचा घात सोडून पूर्ण संख्याच टंकित करावी, उदाहरणार्थ `1.20E-4`. रकान्याचे स्वरूपही दोन दशांशांच्या वैज्ञानिक पद्धतीचे ठेवावे, नाहीतर तक्ता शेवटची शून्ये गिळतो आणि `4.00E-05` चे `4E-05` दिसू लागते. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये हे गुणोत्तर म्हणजेच मोलर शोषण गुणांक. परमँगनेटसाठी ५२५ नॅनोमीटरला तो सव्वादोन ते अडीच हजारांच्या आसपास असतो. तुमच्या दुरुस्त ओळींत किती येते?

सावळी
ओळीने २३७५, २३३७.५, २३५८.३, २३४३.८ आणि २३५५ आले. नव्या आलेखाचा उतार २३५० आहे आणि रेषा जवळजवळ शून्यातूनच जाते. जुन्या तक्त्यात शेवटच्या तीन ओळींचे गुणोत्तर वीस हजारांच्या वर जात होते.

गणिताचा_हट्ट
झाले ना बरोबर. आता ०.०९५ चे ०.०९५० करावे आणि पाचही गुणोत्तरे चार अंकांत लिहावीत.

जुने_माप
ते मुळीच करू नये. यंत्र हजारांशापर्यंतच वाचते. ०.०९५ मध्ये डावीकडचे शून्य फक्त जागा दाखवते, म्हणून सार्थक अंक दोनच. उजवीकडे लावलेले शून्य यंत्राने वाचलेले नाही, तुम्ही वाचलेले आहे. पहिल्या ओळीत हजारांशाच्या एका अंकाने गुणोत्तर २५ ने हलते, शेवटच्या ओळीत केवळ ५ ने. म्हणून पहिले २.४ × १०³ असे लिहावे आणि पुढची चार २.३४, २.३६, २.३४ व २.३६ × १०³ अशी. २३५८.३ मधला ३ कोणीही मोजलेला नाही. स्तंभ एकसारखा दिसत नाही म्हणून परीक्षक गुण कापणार असतील, तर त्यांना हे एक अंकाचे गणित दाखवावे.

गणिताचा_हट्ट
पण उतार पाच बिंदूंवरून काढलेला आहे. तो तीन अंकांत लिहायला तुमची हरकत नसावी.

जुने_माप
उताराला हरकत नाही. माझी हरकत मूळ बाटलीला आहे. ताई, ०.०२०० हा आकडा कुठून आला? ऑक्झॅलिक आम्लाशी टायट्रेशन करून आला असेल, तर तीन अंक पचतात. आणि शीर्षक बदलावे. `c x 10^-5` खाली ४.०० लिहिले, तर काटेकोर वाचणारा c ला १०⁻⁵ ने गुणून ४.०० आले असे समजतो आणि c चार लाख निघते. ते `c / 10^-5 mol L^-1` असे लिहावे, म्हणजे दोन अर्थ उरत नाहीत.

सावळी
शीर्षक बदलते. बाटलीवर मार्करने "०.१ एन" एवढेच लिहिलेले आहे आणि जूनमधली तारीख आहे. शेजारच्या मुलीने त्याचे ०.०२ होते असे सांगितले, मी पुढे दोन शून्ये लावली.

आगशीकर
शेजारच्या मुलीने बरोबर सांगितले. आम्लातल्या परमँगनेटला पाच इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०२ मोलर. तो पाचाचा भागाकार राहून गेला असता, तर गुणांक ४७० आला असता. तुमचा २३५० आला, म्हणजे तेवढ्यापुरती बाटली खरे बोलते आहे.

जुने_माप
पाचपट चुकले नाही, एवढेच त्यातून कळते. जूनपासून ठेवलेले परमँगनेट तळाशी तपकिरी थर धरते आणि हळूहळू कमी होत जाते. दोन-तीन टक्क्यांचा फरक सरळ रेषेत लपून राहतो. टायट्रेशन झाले नसेल, तर मी उतार २.४ × १०³ असाच लिहीन.

गणिताचा_हट्ट
मी २.३५ × १०³ लिहीन आणि खाली एका वाक्यात बाटलीची हकीकत देईन. पाच बिंदूंनी दिलेली माहिती फेकून देणे मला पटत नाही.

सावळी
बाटली उजेडात धरून पाहिली, तळाशी तपकिरी कडे आहे. प्रयोगशाळेचे काका सोमवारी रजेवरून येतील, टायट्रेशनची नोंद असेल तर त्यांच्याकडेच असेल. तोपर्यंत जर्नलमध्ये १.२०, १.६० आणि २.०० यांवर एकेक रेघ मारून शेजारी १२.०, १६.० आणि २०.० लिहिले आहे, खोडरबर वापरलेले नाही. उताराची जागा पेन्सिलने मोकळी ठेवली आहे.