मदत हवी आहे: लघुप्रबंधाच्या समारोपावर ‘इथे नवा पुरावा?’ असा शेरा आलाय

मंगळवारपेठकर
नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, एम.ए. इतिहास, दुसरं वर्ष. माझा लघुप्रबंध मे 1930च्या सोलापूरवर आहे. 8 मेला गोळीबार झाला, नंतर पोलिसांनी गावातून काढता पाय घेतला आणि 12 मेला मार्शल लॉ लागला. मधल्या दिवसांना सरकारी कागद अराजक म्हणतात. माझं म्हणणं असं की काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रहदारी आणि बंदोबस्त सांभाळला, म्हणजे ते अराजक नव्हतं. आणि हे सगळं गांधीजींच्या अटकेची बातमी आल्यावर आपसूक उभं राहिलं.

शेवटचा परिच्छेद असा लिहिला होता:

“अशा प्रकारे मे 1930मधील सोलापूर हे अराजकाचे नव्हे तर लोकांच्या स्वयंशिस्तीचे उदाहरण ठरते. विशेष म्हणजे याच्या महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवण्यात आला होता. यावरून शहराची तयारी दिसून येते. सोलापूरचे हे कार्य सुवर्णाक्षरांनी लिहिण्यासारखे आहे.”

सरांनी झेंड्याच्या वाक्याखाली लाल रेघ ओढून लिहिलंय, “नवा पुरावा समारोपात? पुन्हा लिहा.” बाकी एक शब्द नाही. मी तो मुद्दा मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवला होता. शाळेत निबंधाचा शेवट दमदार करा असंच शिकवलं होतं ना? आता तो काढून टाकायचा का? आठ दिवसांत जमा करायचंय.

गड्डा_यात्रा
काढून टाक की ओ, एवढं काय त्यात! समारोपात नवीन काही म्हणजे काहीच नसतं. प्रत्येक प्रकरणातलं एकेक वाक्य उचलायचं, ओळीनं मांडायचं, वर “अशा प्रकारे” चिकटवायचं. मी बी.एड.ला असंच केलं, कुणी काही म्हटलं नाही.

अक्कलकोटरोड
आमच्याकडं पण हेच झालंय. भावकीच्या वाटणीचा दावा चालू आहे आणि आता ऐन शेवटी आम्हाला जुना फेरफार सापडला. वकील म्हणतात आता उशीर झाला. पुरावा खरा असताना उशीर कसला? तुमच्या सरांना विचारून सांगाल का?

वकीलकाका
अक्कलकोटरोड, ताईंचा प्रश्न लघुप्रबंधाचा आहे, त्यांचे सर तुमचा दावा कुठून लढवणार? तुमचा फेरफार दाखल करायचा तर कोर्टाची वेगळी परवानगी मागावी लागते, ती का मागताय याचं कारण द्यावं लागतं. पुढचं तुमच्या वकिलांशी बोला.

पण योगायोगानं उदाहरण कामाचं आहे. आमच्याकडे आधी साक्षीपुरावा होतो, युक्तिवाद त्यानंतर. युक्तिवादाला उभं राहून मी खिशातून नवा कागद काढला तर समोरचा वकील लगेच उठतो. कागद खोटा आहे असं त्याचं म्हणणं नसतं. त्या कागदावर उलटतपासणी घ्यायची संधीच त्याला मिळालेली नसते, आणि न तपासलेल्या कागदावर न्यायाधीश निकाल टेकवत नाहीत. प्रबंध वाचणाऱ्याचंही तसंच होत असावं. लिखाणातलं मला फारसं कळत नाही, हे आपलं माझ्या धंद्यावरून.

जुनीवही
वकीलकाकांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी इतिहास शिकवायचो, असे प्रबंध पुष्कळ तपासलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मंगळवारपेठकर, तुमच्या झेंड्याच्या वाक्याशी वाचक म्हणून मी थांबतो तेव्हा मनात प्रश्न येतात. हे कोणत्या साधनात आहे? झेंडा लावायचं कुणी ठरवलं, पालिकेतल्या सभासदांनी की बाहेरच्या कार्यकर्त्यांनी? त्या महिन्यात मिठाच्या सत्याग्रहामुळे ठिकठिकाणी असे कार्यक्रम होत होते, मग यात सोलापूरची वेगळी तयारी कशी दिसते? प्रकरणात हे प्रश्न पडले असते तर पुढच्या पानावर तुम्ही उत्तरं दिली असती. इथे पुढचं पानच नाही. वाचक शंका घेऊन प्रबंध मिटतो, आणि ती शंका मागच्या ऐंशी पानांनाही चिकटते. हातचं एवढं मोठं उदाहरण यांनी तपासलं नाही, तर बाकीचं तरी तपासलंय का, असं त्याला वाटू लागतं.

पण तुमच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावर भागत नाही. बहुधा सरांना तेच दिसलंय आणि त्यांनी ते तुमच्यावर सोडलंय. तुमचं म्हणणं काय? हे सगळं अटकेच्या बातमीनंतर आपसूक उभं राहिलं. गांधीजींना अटक झाली 4 मेच्या मध्यरात्रीनंतर. झेंडा एप्रिलमधला. महिनाभर आधी पालिकेवर झेंडा चढतो आणि त्यावरून “तयारी दिसून येते” असं तुम्हीच लिहिता, तर मग ‘आपसूक’चं काय करायचं? राखून ठेवलेला पुरावा तुमच्याच अर्ध्या म्हणण्याच्या विरोधात साक्ष देतोय. तो दुसऱ्या प्रकरणात असता तर लिहिताना तुम्हाला हे अडलं असतं आणि तुम्ही म्हणणं दुरुस्त केलं असतं. शेवटी ठेवल्यामुळे भांडण झालं, ते मिटवायला जागा मात्र राहिली नाही.

तेव्हा गड्डा_यात्रा म्हणतात तसं काढून टाकू नका. एक करून बघा. ते वाक्य झाका आणि विचारा, प्रबंधाचं म्हणणं आता कमकुवत झालं का? झालं असेल तर तो खांब आहे आणि त्याची जागा प्रकरणात आहे, साधनासकट, शंकांसकट. काही फरक पडला नसेल तर ती नुसती सजावट, खुशाल खोडा. आणखी सोपी खूण म्हणजे समारोपातल्या एखाद्या वाक्याला पहिल्यांदाच येणारी तळटीप द्यावी लागत असेल तर ते वाक्य चुकीच्या पानावर आहे.

गड्डा_यात्रा
म्हणजे मी म्हणलो तेच की. नवीन काही नको.

जुनीवही
अर्धं तेच. पुरावा नवा नको हे बरोबर. पण वाक्यं ओळीनं मांडलीत तर ती अनुक्रमणिका झाली, आणि ती पहिल्या पानावर असतेच. समारोपात पुरावे जुने असतात, त्यांचं एकत्र वजन किती भरलं हे मात्र वाचकाला तिथेच पहिल्यांदा कळतं. माझं मूळ म्हणणं कितपत सिद्ध झालं, कुठे थोडं मागे यावं लागलं, आणि ते मान्य केलं तर या घटनेकडे बघायची दृष्टी काय बदलते, हे तिथे सांगायचं. ‘अराजक की शिस्त’ असा प्रश्न पहिल्या पानावर टाकलात ना, त्याचं उत्तर द्या. सुवर्णाक्षरं हे उत्तर नव्हे.

टाळमृदंग
माझे आजोबा नारदीय कीर्तन करायचे. पूर्वरंगात अभंग सोडवायचा, उत्तररंगात आख्यान लावायचं, आणि शेवटी परत त्याच अभंगावर यायचं. शब्द तेच असायचे, पण आख्यान ऐकून झाल्यावर ते वेगळेच ऐकू यायचे. शेवटाला नवं आख्यान काढलेलं मी कधी पाहिलं नाही. लोक चपला शोधायला लागले असते!

मंगळवारपेठकर
सगळ्यांचे आभार. जुनीवही सर, ‘आपसूक’चा मुद्दा वाचून दोन तास डोकं धरून बसले. तुमचं बरोबर आहे. झेंड्याचा भाग दुसऱ्या प्रकरणात घेतला, तिथे चार पानं वाढली, आणि ‘आपसूक’ हा शब्द प्रस्तावनेतूनसुद्धा गेला. आता समारोप असा:

“8 ते 12 मे या दिवसांतील सोलापूरला सरकारी कागद अराजक म्हणतात. स्वयंसेवकांच्या कामाचे तिसऱ्या प्रकरणातील पुरावे पाहता हे वर्णन सगळ्या शहराला लागू पडत नाही. मात्र मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर जे घडले ते याच शहरात घडले, ते वगळून शिस्तीचा दावा करता येत नाही. ही शिस्त अटकेच्या बातमीने जागी झाली, पण जन्मली त्याआधी, हे दुसऱ्या प्रकरणातील ध्वजाच्या प्रसंगावरून दिसते. म्हणून मे 1930चे सोलापूर ‘उद्रेक’ या एका शब्दात मावत नाही. सरकारला भीती दंगलीची नव्हती, या पर्यायी व्यवस्थेची होती, म्हणूनच मार्शल लॉ आला.”

जुनीवही
कुठल्या कुठे सुधारलंय. चौकीचं वाक्य घातलंत हे विशेष आवडलं. अडचणीचा पुरावा प्रकरणात मांडून समारोपात त्याची किंमत मोजली की वाचक विश्वास ठेवतो.

शेवटचं वाक्य परत वाचा. सरकारला भीती कशाची होती हे तुम्ही कोणत्या प्रकरणात तपासलंत?

मंगळवारपेठकर
कुठल्याच नाही. 😔 म्हणजे पुन्हा तेच केलं?

जुनीवही
तेच. फक्त या वेळी पुरावा नवा नाही, दावा नवा आहे आणि पुरावाच नाही. तो पकडणं जास्त अवघड, कारण त्याला तळटीप नसते आणि लिहिताना मस्त वाटतं. सरकारच्या मनात काय होतं ते सांगायला आतला पत्रव्यवहार वाचावा लागेल, ते काम निराळं. एवढं म्हणू शकता की स्वयंसेवकांचा बंदोबस्त आणि मार्शल लॉ यांचा संबंध तपासायला हवा. तो प्रश्न झाला, समारोपात प्रश्नाला बंदी नाही.

वकीलकाका
चार हुतात्म्यांचा उल्लेख करून शेवट केला तर? मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931, येरवडा. सोलापूरच्या माणसानं मे 1930 लिहावं आणि त्यांचं नाव शेवटाला नसावं, हे मनाला पटत नाही.

जुनीवही
भावना समजते. पण प्रबंध 12 मेला थांबतो, खटला आणि फाशी त्यात नाही. नुसता उल्लेख आदराचा होईल. मात्र त्यातून “म्हणून सरकार अन्यायी होतं” असं काढायला गेलात की तो पुरावा झाला.

टाळमृदंग
मला नाही पटत. तारीख आणि नावं सगळ्या गावाला माहीत आहेत, त्याला कोण पुरावा म्हणेल? लेखाचा शेवट वाचकाच्या मनात राहायला नको?

जुनीवही
लेखात मीही ठेवला असता. प्रबंधात मन धजत नाही. यावर आमच्या तपासनिसांमध्येही एकमत नसायचं.

मंगळवारपेठकर
नावं अर्पणपत्रिकेत घालते. ते पान पहिलं, तिथे काही सिद्ध करायचं नसतं. शेवटचं वाक्य प्रश्न करून टाकलंय. सोमवारी सरांना दाखवते आणि इथे सांगते.

अक्कलकोटरोड
आणि आमच्या फेरफाराचं?

वकीलकाका
साहेब, नवीन धागा काढा. त्यात दावा कधी लावला आणि फेरफार नेमका कधी हाती आला, तेवढं आधी लिहा.