सारांशात शेवट सांगायचा की नाही? (आणि प्रकाशकाला फाइल कशी द्यायची)

तापीकाठ:
कादंबरी पाठवताना फाँट, मार्जिन, सारांश असली नाटकं हवीत कशाला? लिखाणात दम असला तर वहीतलं पण छापतात. सारांशात शेवट तर अजिबात सांगू नका, मग प्रकाशक पुढे वाचेल कशाला? माझी कादंबरी मनोगत, अर्पणपत्रिका सगळ्यासकट पाठवली, महिने झाले, साधं उत्तर नाही. खान्देशातल्या माणसाला पुण्यात कोण विचारतो!

मेहरूणची ताई:
भाऊ, पुणं जरा बाजूला ठेवा. एका प्रकाशनाकडे आलेली हस्तलिखितं आधी वाचून टिपण द्यायचं काम मी जळगावात बसूनच बरीच वर्षं केलंय. मागच्या कव्हरवर शेवट लपवतात कारण तिथे गिऱ्हाईक उभं असतं. सारांश वाचणाऱ्याला पुस्तक विकत घ्यायचं नसतं, त्याला तीनशे पानांत वेळ घालायच्या आधी एवढंच बघायचं असतं की गोष्ट शेवटपर्यंत उभी राहते का मधेच बसते. "पुढे काय होतं ते कादंबरीतच वाचा" असं दिसलं की मी समजायचे याला शेवट सापडलेला नाही, आणि फाइल उघडली की बहुतेक वेळा तसंच निघायचं.

दुसरं ते मनोगत. फाइल उघडली की आधी आईवडिलांना अर्पण, मग गावातल्या मान्यवरांची प्रस्तावना, मग मनोगत, मग ऋणनिर्देश, आणि पहिलं प्रकरण कुठे तर पंधराव्या पानावर! हे सगळं पुस्तक छापायचं ठरल्यावर मागतात. आत्ता पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, कादंबरीचं नाव, अंदाजे शब्दसंख्या, आणि दुसऱ्या पानावर सरळ गोष्ट सुरू.

भुसावळ_जंक्शन:
ताईंशी सहमत. नियम जगभर एकच आहे, टाइम्स न्यू रोमन १२, डबल स्पेस, चारी बाजूंनी एक इंच. असं केलं की एका पानावर अडीचशे शब्द बसतात, पानं मोजली की शब्द कळले.

मेहरूणची ताई:
एक इंच बरोबर, बाकीचं इंग्रजीचं. टाइम्स न्यू रोमनमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, वर्ड गपचूप दुसरा फाँट लावतो आणि तुम्हाला वाटतं आपण टाइम्समध्ये लिहितोय. आपल्या अक्षराला वर वेलांटी खाली उकार, १२ मध्ये डोळे दुखतात. साधा युनिकोड फाँट घ्या, १४ आकार, दीडपट अंतर, ए४ ची एकच बाजू, पानावर क्रमांक. पानांवरून शब्द मोजू नका, वर्डच सांगतो. आणि नवीन प्रकरण नवीन पानावर न्यायला एंटर दाबत बसू नका, `Ctrl+Enter` करा, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर प्रकरणाचं नाव पानाच्या मधोमध लोंबतं.

केळीवाला रावेर:
ताई माझा सारांश बघा ना, तीन ठिकाणी पाठवलाय. "ही कादंबरी केळी उत्पादकाच्या जीवनातील संघर्षाचे, नात्यांतील गुंतागुंतीचे आणि बदलत्या ग्रामीण वास्तवाचे मर्मभेदी चित्रण करते." एवढाच आहे, पण बायकोला फार आवडला.

मेहरूणची ताई:
दादा यात गोष्ट कुठेय? हा अभिप्राय झाला, तो दुसऱ्याने द्यायचा. गोष्ट काय ते सांगा, शेवटासकट.

केळीवाला रावेर:
सुपडू नावाचा माणूस आहे. सासऱ्याकडून पैसे घेऊन टिश्यूची रोपं लावतो. बागेवर सीएमव्ही येतो. शेजारी धाकट्या भावाची बाग आहे, रोग तिकडे जाऊ नये म्हणून सगळे म्हणतात झाडं उपट, हा सासऱ्याच्या लाजेने उपटत नाही. मग भावाचीही बाग जाते. शेवटी भाऊ बोलणं टाकतो आणि सुपडू स्वतःचा मळा भावाला लिहून देतो, पण भाऊ सही करत नाही.

मेहरूणची ताई:
हाच तुमचा सारांश! "लाजेने उपटत नाही" इथे माणूस कळला, "सही करत नाही" इथे कादंबरी कळली. हेच वर्तमानकाळात एका-दोन पानांत लिहा, सुपडू, सासरा, भाऊ एवढीच नावं ठेवा, बाकी "गावातला व्यापारी" म्हटलं तरी चालतं. प्रत्येक घटनेपुढे ती कशामुळे घडली ते एक वाक्य. "मर्मभेदी" काढा.

तापीकाठ:
म्हणजे सगळं फुकटात सांगून टाकायचं, उद्या कोणी गोष्ट चोरली तर?

भुसावळ_जंक्शन:
सुपडूची गोष्ट कोण चोरतं भो 😂

केळीवाला रावेर:
का? वाईट आहे का?

सातपुडा_मास्तर:
तुमचं सारांशाचं चालू द्या, माझं दुखणं वेगळंय. माझी कादंबरी चोपडा-यावलच्या बाजूची, सातपुड्यातली. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेली, प्रकाशक म्हणाले युनिकोड द्या, गावातल्या डीटीपीवाल्याने पैसे घेऊन करून दिली. पहिल्याच वाक्यात "सातपुड्याच्या दऱ्यांत" होतं त्याचं झालं "दर्यांत". डोंगरात समुद्र! तशीच गेली.

अहिराणी_अभिमान:
आणि अहिराणी संवादांचं तर वाटोळंच होतं. "काय करी र्‍हायना" मधला र्‍ह मोडला की "र्हायना", रफार डोक्यावर.

मेहरूणची ताई:
जुन्या फाँटात तो अर्धा र वेगळ्या कळीवर असतो, कन्व्हर्टर त्याला रफार समजतो. सगळे "र्य" एकदम बदलू नका मास्तर, सूर्य आणि कार्य पण बदलतील. "र्य" आणि "र्ह" शोधायला टाका आणि एकेक डोळ्याने बघत चला, वेळखाऊ आहे पण दुसरा इलाज नाही. शिवाय हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो सारखा, पण शोधला तर निम्मेच सापडतात, म्हणून दोन्ही प्रकारे शोधा. ऱ्हस्व वेलांटीही जोडाक्षरापाशी सरकते. फाइल एकदा मोबाइलवर उघडून पहिलं प्रकरण वाचा, मोडलेलं लगेच दिसतं.

अहिराणी_अभिमान:
फाँट जाऊ द्या, मूळ प्रश्न सांगा. कोणी र्‍हायना लिहितं, कोणी राह्यना, कोणी रायना. मला एकाने सांगितलं पहिल्या प्रकरणात अहिराणी कमी करा, वाचकाला कळत नाही. मी का कमी करू? माझी आजी काय प्रमाण मराठीत भांडायची?

भुसावळ_जंक्शन:
कळलं नाही तर वाचेल कोण? खाली टिपा द्या.

अहिराणी_अभिमान:
टिपा देऊन आजीचं भांडण वाचायचं? तुम्ही जंक्शनवालेच, गाडी बदलली की भाषा बदलली!

भुसावळ_जंक्शन:
वैयक्तिक होऊ नका. माझं पण आजोळ धुळ्याचं आहे.

मेहरूणची ताई:
कमी करू नका. पण र्‍हायना, राह्यना, रायना यातलं एक ठरवा आणि अख्ख्या हस्तलिखितात तेच ठेवा, कारण एका पानावर तीन दिसली तर वाचणारा बोली नाही, टायपिंगची चूक समजतो. माणसागणिक बोली बदलत असेल तर तसं पत्रात एका ओळीत लिहा. टिपांपेक्षा पुढच्या वाक्यात उत्तर असं यावं की अर्थ लागतो. हे माझं मत, आमच्याकडे काहींना शब्दसूची हवी असायची.

अहिराणी_अभिमान:
एक ठरवेन. टिपा देणार नाही.

सातपुडा_मास्तर:
आणि पैसे मागतात त्याचं काय? मला एकाने "अर्ध्या प्रती तुम्ही विकत घ्या" सांगितलं. सारांश न वाचताच.

मेहरूणची ताई:
न वाचता होकार आला तर तो हस्तलिखिताला नसतो मास्तर, तुमच्या खिशाला असतो.

तापीकाठ:
बरं, मनोगत काढतो. अमळनेरच्या २०२४ च्या संमेलनात मी स्वतः स्टॉलवर प्रत दिली होती, तीत पण होतं, कोणी काही बोललं नाही तेव्हा. पण सारांशात शेवट मी लिहिणार नाही, फार तर अर्धा लिहीन.

मेहरूणची ताई:
अर्धा म्हणजे कुठपर्यंत भाऊ?

तापीकाठ:
नायक विहिरीपाशी जातो तिथपर्यंत.

केळीवाला रावेर:
उडी मारतो का?