मदत हवी आहे: कॉलेज बसचा ट्रॅकर, तीन दिवसांत डेटा खलास

ऋतुजा_ईटीसी: कॉलेज बसला जीपीएस ट्रॅकर बसवलाय, दर ५ सेकंदांनी लोकेशन पाठवतो. ५० एमबीचं महिन्याचं पॅक तीन दिवसांत संपलं. ड्रायव्हरकाका म्हणतात बॅटरीही उतरतेय, डबा काढा. सोमवारी सरांना दाखवायचंय. किती सेकंद ठेवू?

मनोज_के: ६० कर. डेटा बारावा हिस्सा, विषय संपला.

गाडीवान: बस १२ व्होल्टची की २४? सप्लाय कुठून घेतलाय? पाठवतेस कसं?

ऋतुजा_ईटीसी: २४. बॅटरीवरून. दर वेळी एचटीटीपी.

गाडीवान: हेडरसकट एक निरोप साधारण १ केबी धर. चोवीस तासांत १७,२८० निरोप, म्हणजे १७ एमबी. तीन दिवसांत ५० झालेच. याचा अर्थ बस रात्रभर उभी असतानाही डबा पाठवतोय. चार तासांच्या फेऱ्यांपुरता चालला असता तर दिवसाला ३ एमबीच्या आत भागलं असतं. आणि मनोज, ताशी ४० ने बस मिनिटात साडेसहाशे मीटर जाते. नकाशात मागच्या चौकात दिसेल आणि स्टॉपवरून निघूनही गेलेली असेल. १५ सेकंद ठेव, एमक्यूटीटीचं कनेक्शन उघडंच ठेव.

मनोज_के: आमच्या व्हॅनला एक मिनिटच आहे, कुणाची तक्रार नाही.

पाटील_ट्रान्सपोर्ट: एवढा खटाटोप कशाला? जुना मोबाइल चार्जिंगला लावा, लाइव्ह लोकेशन चालू. भावाच्या ट्रकला तेच केलंय.

गाडीवान: मे महिन्यात बंद बसमध्ये फोन तापून बंद पडतो, पाटील. ऋतुजा, दोन्ही बॅटऱ्यांवरून २४ घेतलेस की एकीवरून १२?

ऋतुजा_ईटीसी: एकीवरून. कन्व्हर्टर १२ चाच होता.

गाडीवान: तिथेच गोम आहे. डबा त्या एकट्या बॅटरीतून दिवसाला दोनेक अँपिअर-अवर खात असणार. अल्टरनेटर दोघींना सारखाच करंट देतो, म्हणून ती कायम मागे राहते आणि दुसरी जास्त चार्ज होते. सकाळी स्टार्टर मारायच्या आधी दोन्हींचे व्होल्ट वेगवेगळे मोज. मग २४ वरूनच घे, फ्यूज टाकून. कन्व्हर्टर ६० व्होल्टपर्यंत झेपणारा घे, या गाड्यांच्या लाइनवर झटके येतात. किल्ली ऑन झाल्यावर जिवंत होणारी वायर ऑप्टोकपलरमधून ईएसपी३२ ला दे. किल्ली बंद झाली की झोपव, अर्ध्या तासाने एकदाच पाठव.

ऋतुजा_ईटीसी: पण काका मोठ्या स्टॉपवर इंजिन बंद करतात. दर वेळी झोपला तर?

गाडीवान: किल्ली बंद झाल्यावर दहा मिनिटं जागा ठेव.

मनोज_के: दोन अँपिअर-अवरने बसची बॅटरी उतरत नाही. काकांची बॅटरीच जुनी असेल.

गाडीवान: एका रात्रीत नाही, रोजची तूट साठत जाते. तरी जुनी असू शकते.

ऋतुजा_ईटीसी: आज मोजले. १२.६ आणि १२.१. डबा १२.१ वालीवर आहे. काका म्हणतात दोन्ही बॅटऱ्या एकदमच बसवल्यात. आता आधी ती वेगळी चार्ज करू की वायरिंग बदलून नुसतं चालवू?