‘म्हणजे’ला गुण कापणं बरोबर आहे का?

मखमलाबादची आई: मुलगी आठवीत आहे. उत्स्फूर्त वक्तृत्वात विषय आला गोदाघाट, वेळ तीन मिनिटं. परीक्षकांच्या कागदावर शेरा होता, ‘सारखं म्हणजे म्हणजे, विचार स्पष्ट नाहीत’, आणि दोन गुण कापलेले. घरी येऊन म्हणते, आता मी हा शब्दच बोलणार नाही. खरंच इतका निरुपयोगी आहे का तो?

सिडकोतले मास्तर (निवृत्त): मी असतो तर मीही कापले असते. ‘म्हणजे’, ‘आपलं’, ‘ते हे’ हे तांदळातले खडे आहेत. वाक्यातून काढून बघा, अर्थ तसाच राहतो. जे काढल्याने काही बिघडत नाही, ते भाषणात हवंच कशाला?

सातपूरचा इंजिनिअर: अर्थ नाही हे मान्य, पण उपयोग आहे. पुढचं वाक्य जुळवायला डोक्याला वेळ लागतो, तेवढ्यात समोरच्याने मध्ये बोलू नये म्हणून आपण आवाज चालू ठेवतो. इंग्रजीत वेल आणि यू नो, आपल्याकडे म्हणजे आणि अंऽऽ. सगळे एकाच माळेचे मणी.

पंचवटीकर: हल्लीच्या पोरांचं ॲक्च्युअली, बेसिकली आधी बंद करा. मराठी शब्दच मरत चाललेत, आणि आपण इथे म्हणजेवर बसलोय!

मखमलाबादची आई: काका, तिने एकही इंग्रजी शब्द वापरला नव्हता. प्रश्न म्हणजेचाच आहे.

टंकलेखिका, गंगापूर रोड: माझं काम रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून शब्दशः उतरवायचं आहे. सुरुवातीला मीही मास्तरांसारखेच खडे वेचायचे. एकदा अंगाशी आलं. लासलगावकडच्या एका कांदा उत्पादकाची मुलाखत होती. प्रश्न: ‘मागच्या साली नफा झाला का?’ उत्तर: ‘झाला... म्हणजे, खर्च निघाला.’ मी स्वच्छ करून लिहिलं, ‘झाला. खर्च निघाला.’ वाचणाऱ्याने नोंद केली, खर्च वजा जाता नफा. माणूस सांगत होता नेमकं उलटं! नफा काही झाला नव्हता, फक्त घातलेले पैसे परत आले होते. तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्याला जड गेलं, म्हणून त्याने आधी ‘झाला’ म्हटलं आणि मग त्या ‘झाला’चा अर्थ किती घ्यायचा ते सांगितलं. ते सांगण्याचं सगळं काम त्या एका शब्दाकडे होतं. मी तोच खोडला.

सिडकोतले मास्तर: मग ‘पण’ म्हणायचं होतं त्याने. शुद्ध मराठीत विरोध दाखवायला ‘पण’ आहे.

टंकलेखिका, गंगापूर रोड: सर, लावून बघा. ‘झाला, पण खर्च निघाला.’ बसतं का? ‘पण’ पहिलं विधान जिवंत ठेवतं आणि त्याच्यासमोर दुसरं उभं करतं. ‘म्हणजे’ पहिल्याच विधानात हात घालून ते दुरुस्त करतं. अजून साधं घ्या. ‘चारला, म्हणजे पाचला या.’ ऐकणारा चार विसरतो आणि पाचला येतो. आता तुमचा खडा वेचा: ‘चारला, पाचला या.’ पाहुणा साडेचारला दारात, आणि तुम्ही अंघोळीला.

सातपूरचा इंजिनिअर: हे पटलं. पण मग वेलही असाच दुरुस्ती करतो का? आमच्या ऑफिसच्या कॉलवर क्लायंट वेल म्हणाला की माझ्या पोटात गोळा येतो, पुढे नकारच असतो.

टंकलेखिका, गंगापूर रोड: तुमच्या पोटाला बरोबर कळतं. वेल बहुधा उत्तराच्या आधी येतो. ‘तुम्ही विचारलंत त्या चौकटीत माझं उत्तर बसणार नाही’ अशी ती आगाऊ सूचना असते. आपण तिथे ‘तसं नाही’ किंवा ‘काय आहे ना’ म्हणतो. आपला म्हणजे मात्र काहीतरी बोलून झाल्यावर मागे वळून बघतो, तो इंग्रजीतल्या आय मीनला जवळचा. यू नो आणखी वेगळा, तो समोरच्याला माहीत असलेल्यात सामील करून घेतो, आपल्या ‘माहितीये ना’सारखा. डेबोरा शिफ्रिन या बाईंचं 1987 चं अख्खं पुस्तक या अशा शब्दांवर आहे. त्यांनी फिलाडेल्फियातल्या लोकांच्या गप्पा टेप करून त्यांची जागा न् जागा तपासली. त्यांच्यातही यू नो आणि आय मीन वेगवेगळी कामं करतात, एका माळेचे मणी नाहीत.

भाडेकरूवाला, इंदिरानगर: आमचे भाडेकरू तमिळ, मराठी नवीन शिकलेले. त्यांनी विचारलं, ‘उद्या डबा मिळेल का?’ बायको म्हणाली, ‘म्हणजे काय!’ ते बिचारे समजावून सांगायला लागले की डबा म्हणजे जेवण, पोळी-भाजी वगैरे. तिला म्हणायचं होतं, मिळणारच, विचारायचं काय त्यात. आता यात दुरुस्ती कुठे आहे ताई?

टंकलेखिका, गंगापूर रोड: हाहा, नाहीच. तिथे दोन्ही शब्द मिळून एकच गोष्ट झाली, आणि ती ओळखायची आवाजाच्या चढउतारावरून. चढवून विचारलं तर ‘समजलं नाही’, उतरवून ठासून म्हटलं तर ‘अर्थातच’. कागदावर उतरवताना माझी हमखास गोची होते.

सिडकोतले मास्तर: असू द्या. गप्पांमध्ये चालेल. पण भाषणात समोर प्रश्न विचारणारा कुणी नसतो. दुरुस्त करायचं असेल तर ते आधीच ठरवून बोलावं. मुलीच्या प्रत्येक ‘म्हणजे’च्या मागे असा शेतकऱ्याचा विचार होता, असं मला वाटत नाही.

टंकलेखिका, गंगापूर रोड: यात सरांचा मुद्दा खरा आहे. ज्याच्या मागे दुरुस्त करायला काहीच नाही असा म्हणजे खरोखर नुसता अडखळलेला असतो, तिथे इंजिनिअर बरोबर. ताई, व्हिडिओ असेल तर प्रत्येक म्हणजेच्या आधी तिने काय म्हटलं ते बघा. आधीचं वाक्य पुढच्याने अरुंद होतं किंवा बदलतं का? आणि ‘नदी म्हणजे जीवन’, ‘पाऊस थांबला म्हणजे निघू’ असे असतील तर ते मोजूच नका, ते काढले तर वाक्यच मोडतं.

मखमलाबादची आई: बसले बघत. एकूण नऊ ठिकाणी. तीन ‘नदी म्हणजे’ छापाचे. ‘घाटावर पाणी नसतं, म्हणजे उन्हाळ्यात’, असे दोन, हे खरंच दुरुस्ती आहेत, नाहीतर बारमाही कोरडी गोदावरी झाली असती. तीन ठिकाणी सरळ विसरली आहे: ‘आणि म्हणजे... म्हणजे... आपण सगळ्यांनी’. एक मला कळत नाही: ‘आजी रामकुंडावर रोज जायची, म्हणजे जायचीच.’

सातपूरचा इंजिनिअर: तो शेवटचा चुकूनसुद्धा काढू नका.

सिडकोतले मास्तर: तो मीही ठेवला असता, आणि उन्हाळ्याचे दोन. तिसऱ्या गटातल्या तिनांवर एक गुण कापला असता.

टंकलेखिका, गंगापूर रोड: आजीचा दुरुस्तीत बसत नाही, सर. पहिलं ‘जायची’ तो बदलत नाही, उलट आणखी घट्ट करतो. अशा जागी काय नाव द्यावं, यावर मी अजून अडलेली आहे.

पंचवटीकर: आजीच्या वाक्याला पैकीच्या पैकी. पण बेसिकलीवर कुणी बोलणार आहे की नाही?