पर्चेस जीएमची सही, गोल शिक्का आणि ठराव: एवढ्यावर करार पक्का धरायचा का?

भोसरीची_वर्कशॉपवाली
शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीबरोबर तीन वर्षांचा जॉबवर्क करार होतोय. डाय आम्ही आमच्या खर्चाने करायच्या, अंदाजे 14 लाख. ते पैसे पीसमागे थोडे थोडे वसूल होणार, आणि कंपनीने मध्येच काम थांबवलं तर उरलेली रक्कम ती एकरकमी देणार. करारावर त्यांच्या पर्चेस जीएमची सही आणि कंपनीचा गोल शिक्का आहे. सोबत लेटरहेडवर बोर्डाचा ठराव. उद्या त्यांनी हात वर केले तर हे पुरेल का?

नाना_ठाणे
कॉमन सील आहे का ते बघा. धातूचं, कागदावर उठाव येतो ते. रबरी शिक्क्याला काही किंमत नाही. सील नसेल तर करारच अवैध.

सीएस_मंदार
नाना, ही जुनी गोष्ट झाली. 2015 च्या दुरुस्तीपासून कॉमन सील ऐच्छिक आहे. साध्या व्यापारी कराराला तर बोर्डाने अधिकार दिलेल्या माणसाची सही चालते, कलम 21. मात्र रबरी शिक्क्याला किंमत नाही हे खरं. तो कोपऱ्यावरच्या दुकानात कोणीही बनवून घेतं.
ताई, ठरावात नेमकं काय लिहिलंय आणि प्रतीवर खाली सही कोणाची आहे?

भोसरीची_वर्कशॉपवाली
"कंपनीच्या दैनंदिन कामकाजासाठी खरेदी ऑर्डरवर सही करण्याचा अधिकार श्री. अमुक यांना देण्यात येत आहे." खाली 'प्रमाणित प्रत' म्हणून त्याच श्री. अमुकांची सही.

सीएस_मंदार
म्हणजे स्वतःच्या अधिकाराचा दाखला त्यांनी स्वतःच दिलाय! प्रत दुसऱ्या संचालकाने किंवा कंपनी सेक्रेटरीने प्रमाणित केलेली हवी.
पण मला जास्त खटकतात ते शब्द. खरेदी ऑर्डर काढणं वेगळं आणि डायचे उरलेले पैसे एकरकमी द्यायची हमी घेणं वेगळं. तुमचा सगळा धोका त्या एका कलमात आहे, आणि ठराव त्याबद्दल गप्प आहे. नवा ठराव मागा. त्यात या कराराचं नाव, तुमच्या फर्मचं नाव आणि डायची परतफेड मान्य असल्याचं स्पष्ट यायला हवं.

वकिलीण_कोल्हापूर
इतकं कशाला? कंपनीच्या आतल्या कारभाराची चौकशी बाहेरच्याने करायची गरज नाही, हे टरक्वांड खटल्यापासून, 1856 पासून मानलं जातं. सही करणाऱ्याला अधिकार आहे असं तुम्ही धरून चालू शकता.

सीएस_मंदार
धरून चालू शकता, पण संशयाचं कारण समोर नसेल तेव्हाच. इथे ठरावच सांगतोय की अधिकार फक्त खरेदी ऑर्डरचा आहे. तो वाचल्यावर "मला माहीत नव्हतं" कसं म्हणणार? शिवाय बनावट कागदाला हे संरक्षण नाही. 1906 च्या रूबेन खटल्यात सेक्रेटरीने खोट्या सह्या करून कंपनीचं खरं सील लावलं होतं, तरी कंपनी बांधली गेली नाही.

सोसायटी_सचिव
आमच्या सोसायटीतही लिफ्टच्या करारावर एकट्या अध्यक्षांनी सही केली आणि आता कमिटी नाही म्हणतेय. आम्हालाही हेच कलम लागू का?

सीएस_मंदार
नाही, तुमचं सहकार कायदा आणि उपविधींवर चालेल. वेगळा धागा काढा.

भोसरीची_वर्कशॉपवाली
नवा ठराव आला. शब्द तुम्ही म्हणालात तसे आहेत, खाली संचालकाची सही आणि डीआयएन. एमसीएच्या मास्टर डेटात नाव सापडलं, पण त्यांची नेमणूक 21 एप्रिलची आणि ठराव 4 मार्चचा. रद्दी समजायचा का?

सीएस_मंदार
लगेच नको. आजचा संचालक जुन्या ठरावाची प्रत इतिवृत्ताच्या वहीवरून प्रमाणित करू शकतो. सभेला हजर कोण होतं, ते लिहिलंय का?

भोसरीची_वर्कशॉपवाली
"उपस्थित संचालक" म्हणून दोन नावं आहेत. त्यातलं एक यांचंच.

सीएस_मंदार
मग घोळ आहे. 4 मार्चला ते संचालक नव्हते, आणि गणपूर्तीला निदान दोन संचालक लागतात. बहुतेक कोणीतरी घाईत मागची तारीख टाकलीय. लबाडीच असेल असं नाही, पण या कागदावर विसंबू नका. आता बोर्डाची सभा घेऊन आजच्या तारखेचा ठराव करा म्हणावं. त्यात जीएमने आधी केलेली सहीही मान्य केल्याचं लिहून घ्या. एमसीएवर हा ठराव शोधत बसू नका. खासगी कंपनीला असा ठराव आरओसीकडे दाखल करावा लागत नाही.

वकिलीण_कोल्हापूर
हे मला मान्य. तरी माल घेऊन बिलं भरत राहिले तर करार नाकारणं त्यांनाही अवघड जाईल.

सीएस_मंदार
पीसच्या दरापुरतं, हो. डायच्या एकरकमी रकमेबाबत कोर्ट काय म्हणेल, मी पैज लावणार नाही.

भोसरीची_वर्कशॉपवाली
जीएम म्हणतात पुढची सभा महिनाअखेरीला. आणि डायचं स्टील या आठवड्यात बुक केलं नाही तर भाव बदलतो.

सीएस_मंदार
सभेसाठी थांबायची गरज नाही, मसुदा सगळ्या संचालकांना फिरवूनही ठराव होतो. तोही जमत नसेल, तर स्टीलपुरती वेगळी पीओ आणि आगाऊ रक्कम मागा. पीओचा अधिकार त्यांच्याकडे आहे असं पहिला ठराव म्हणतोच. फक्त त्याचीही प्रत दुसऱ्याच्या सहीने घ्या.