सात वजा पाच दोनच ना? मग भांडण कशाचं?

परळीकर_77
बँक एफडीवर 7 टक्के देते, महागाई 5 टक्के, म्हणजे खरी कमाई 2 टक्के. तरी इथले काही विद्वान 'अचूक आकडा 1.9 आहे' म्हणून अक्कल शिकवतात. चौथीतलं पोरगं सांगेल सात वजा पाच किती ते. पॉइंट एकनं कुणाचं घर बसलंय?

मास्तर_नांदेड
विद्वान मीच, म्हणून उत्तर देणं भाग आहे. पस्तीस वर्षं गणित शिकवलं. चौथीतलं पोरगं वजाबाकी चुकत नाही, पण त्या दोन टक्क्यांत काय विकत मिळतं हे त्याला कुणी विचारत नाही.

डाळीत मोजा. हिशोब सोपा जावा म्हणून तूरडाळ 100 रुपये किलो धरू. तुमच्याकडे एक लाख, म्हणजे आज 1000 किलो डाळ. ती न घेता तुम्ही वर्षभराची एफडी केली. वर्षानं हातात 1,07,000 आले आणि डाळ झाली 105 रुपये. पहिले 1000 किलो घ्यायलाच 1,05,000 गेले. उरले 2000. हे दोन हजार तुम्ही मनातल्या मनात गेल्या वर्षीच्या भावानं मोजता, म्हणून तुम्हाला 20 किलो दिसतात. मोंढ्यातला दुकानदार मात्र आजच्या 105 च्या भावानं 19 किलो अन् जेमतेम 50 ग्रॅम मापून देतो. उरलेल्या पैशालाही महागाई लागते, एवढंच या भांडणाचं मूळ. वजाबाकी करा, पण आलेल्या उत्तराला 1.05 नं भागा. 1.9 येतं.

महागाई कमी असते तोवर ही चूक दिसत नाही. 1974 साली ती पंचवीसच्या वर गेली होती. 25 च धरा आणि ठेवीवर 10 टक्के समजा. वजाबाकीनं तोटा येतो 15. डाळीत मोजलं तर 1,10,000 ला 125 च्या भावानं 880 किलो, म्हणजे तोटा 12. तेव्हा वजाबाकी कमाई फुगवते तसा तोटाही फुगवते. याला फिशरचं समीकरण म्हणतात, मी घरी बसून काढलेलं नाही.

खवचट_धाराशिव
फिशर? एवढ्या आकडेमोडीनं तोच व्हायचा आम्हाला. डॉक्टरचा नंबर द्या. 😄 आणि हा तोच अर्विंग फिशर ना, ज्यानं 1929 मध्ये शेअर कायमचे उंचीवर गेले म्हणून सांगितलं आणि काही दिवसांत बाजार आपटला?

मास्तर_नांदेड
तोच. स्वतःचे पैसेही त्यात घालवले त्यानं. म्हणून भागाकार खोटा ठरत नाही.

काउंटर_क्रमांक_3
मास्तर, मी बँकेत आहे, ठेवींच्याच टेबलावर. तुमची डाळ बरोबर, पण सुरुवातीचा आकडा चुकला. आमच्याकडे व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळतं. 7 टक्क्यांची एफडी वर्षअखेर 7.19 देते. त्यातून 5 वजा करून 1.05 नं भागलं की खरा परतावा साधारण 2.08 येतो.

परळीकर_77
हाहाहा! 2.08! म्हणजे माझे 2 जास्त जवळ, मास्तरांचे 1.9 लांब. पस्तीस वर्षं हेच शिकवलं का सर?

मास्तर_नांदेड
मॅडमचं मान्य, तिमाही मी धरली नव्हती. तुमचं मान्य नाही. तुमच्या दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं म्हणून उत्तर जवळ आलं. दर महिन्याला व्याज घरखर्चाला काढणाऱ्याला ते 7.19 मिळतच नाही. उद्या महागाई 9 झाली की तुमचा हा योगायोगही संपला. अशा पोराला मी मार्क देत नव्हतो.

परळीकर_77
तुमचे मार्क नकोत मला. शाळा सुटली माझी.

जिंतूरची_लेक
तुम्ही पॉइंट एकवर भांडा. आमच्या घरात 12 टक्केवाली पतसंस्था होती. आमचे हे दर वर्षी म्हणायचे, बारा वजा पाच सात, बँकेत कोण ठेवतं? वडिलांचे शेत विकलेले पैसे ठेवले. एक दिवस शटर बंद. दीड वर्ष झालं, हेलपाटे चालू आहेत. त्या सातातून मुद्दल वजा करायचं राहिलं होतं बघा.

खवचट_धाराशिव
ताई, वाईट वाटलं. पण पाच लाखांचा विमा असतो ना ठेवींवर?

काउंटर_क्रमांक_3
तो बँकांना. 2020 पासून पाच लाखांपर्यंत, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला नाही. नावात 'क्रेडिट' असो की 'मल्टिस्टेट', दारात बोर्ड बँकेसारखाच असतो, म्हणून लोक फसतात.

जिंतूरची_लेक
हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. एजंट आमच्याच भावकीतला होता.

परळीकर_77
भावकीतलाच असतो ताई. आमच्या मामाचंही हेच झालं. ठेवीची पावती देवघरात ठेवली होती, कुंकू लावून.

औसा_सोयाबीन
मास्तर, तुमी लई अवघड बोलायलाव. डाळीत मोजलं, आता माझ्या सोयाबीनात मोजा की. 2021 च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजाराच्या आसपास होतं. एक लाखाचं दहा क्विंटल. तवाच बँकेत ठिवलं असतं तर 2024 च्या दिवाळीला लाखाचे एक लाख सतरा हजार धरा. भाव सव्वाचार हजार. सत्तावीस क्विंटल आलं! मग मी तर शेठ झालो. पीककर्ज कामून फिटंना?

मास्तर_नांदेड
दादा, कारण तुम्ही सोयाबीन विकता, विकत घेत नाही. भाव पडला की ठेव सोयाबीनात वाढलेली दिसते, पण तुमची ठेव लाखाची आणि पीक सगळं शेताचं. महागाईचा जो आकडा छापून येतो तो ग्राहकाच्या टोपलीचा. खत, डिझेल, मजुरीचा तुमचा खर्च त्यात तसा मोजलेला नसतो. तुमचा खरा परतावा कोणता आकडा घालून काढायचा, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

औसा_सोयाबीन
हे बरं हाय. आमची वेळ आली की सूत्र संपलं.

काउंटर_क्रमांक_3
आणि कर? 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर 7 चे 5.6 राहतात. महागाई 5. शिल्लक अर्धा टक्का आणि वर थोडं. महागाई भरून काढणाऱ्या पाच टक्क्यांवरही कर लागतोच. इथं तुमचा पॉइंट एक कुठं शोधायचा?

परळीकर_77
हेच म्हणतोय मी केव्हापासून! कर एवढा खातो आणि मास्तर 50 ग्रॅम डाळ मोजत बसलेत. माझी स्वतःची दहा वर्षांची ठेव आहे, साधारण 7 नं. लाखाचे एक लाख शहाण्णव हजार सातशे झाले. भाव दहा वर्षांत 63 टक्के वाढले. सत्त्याण्णव वजा त्रेसष्ट, चौतीस टक्के खरी कमाई. घ्या.

मास्तर_नांदेड
आता सापडलात. दरसाल 5 टक्क्यांनी 100 ची डाळ दहा वर्षांत 162.89 होते, तुमचे 63 तेच. तुमच्या 1,96,715 रुपयांना 162.89 नं भागा. 1207 किलो येतात, 1340 नाही. खरी कमाई 20.8 टक्के, चौतीस नाही. वर्षाला डोळेझाक करण्याजोगी चूक दहा वर्षांच्या एकूण आकड्यांची वजाबाकी केली की तेरा टक्क्यांची होते. आणि यात मी अजून कर धरलेला नाही.

परळीकर_77
...कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. 1207 च येतं. ठीक. दहा वर्षांचं तुमचं. एका वर्षाचं मात्र दोनच, मी बदलणार नाही.

खवचट_धाराशिव
मराठवाड्यात एवढं मान्य झालं म्हणजे पाऊस पडेल.

जिंतूरची_लेक
काउंटरवाल्या मॅडम, मेसेज बघा ना. पतसंस्थेची मूळ पावती अर्जासोबत मागतायत, झेरॉक्स घेत नाहीत. मूळ देऊन टाकावी का?