कांजीला झणका आला, पण आंबट लागत नाही: झाली म्हणायची का?

प्रेषक: मृणाल
बुधवार, रात्री

नमस्कार मंडळी,

होळीच्या कार्यक्रमाला गाजराची कांजी आणते म्हणून मी नाव देऊन बसलेय. रविवारी सकाळी बरणीत घातली. अर्धा किलो नेहमीची केशरी गाजरं, एक मध्यम बीट, २ लिटर पाणी, तीन मोठे चमचे राई मिक्सरमधून भरड काढून, तीन मोठे चमचे मीठ, एक चमचा तिखट. पाणी उकळून पूर्ण गार करून घेतलं होतं. बरणीच्या तोंडाला मलमलचं कापड बांधलंय.

आज कापड सोडलं तर नाकात असा झणका गेला की डोळ्यांत पाणी आलं. पण पिऊन बघितली तर नुसतं मोहरीचं पाणी. गाजर कच्चंच लागतंय. मीठ वरणाइतपत. ऊन म्हणाल तर सोमवारी दुपारी जरासं पडलं, बाकी सगळं ढगाळ. स्वयंपाकघरात १८ अंशांच्या वर पारा जात नाही.

आता झाली समजून फ्रिजमध्ये टाकू का? की उन्हाशिवाय ही होतच नाही?

मृणाल

---

प्रेषक: शिरीष
बुधवार, रात्री

मृणाल, झणका आला म्हणजे झाली. कांजीत मोहरीच तर हवी असते. आंबटपणा कमी वाटत असेल तर अर्धी वाटी व्हिनेगर घाल, लगेच चव येईल.

ऊन मात्र महत्त्वाचं. उन्हाने वाईट जंतू मरतात. ऊन नसेल तर मी तरी कार्यक्रमात सगळ्यांना पाजायचं धाडस करणार नाही. आणि पाणी उकळून गार केलंस ते उत्तम.

शिरीष

---

प्रेषक: विद्या
गुरुवार, सकाळी

मृणाल, गाजरात बीट कशाला गं? मी गाजराचे तुकडे, फेसलेली मोहरी, लिंबू आणि मीठ एवढंच घालते, वरून तेलाची गार फोडणी. फ्रिजमध्ये आठ दिवस छान राहतं. कच्चंच लागायला हवं, त्यातच मजा. पाणी इतकं सुटलंय म्हणजे गाजरं धुऊन नीट पुसली नसशील.

विद्याकाकू

---

प्रेषक: सुनंदा
गुरुवार, दुपारी

विद्याताई, तुम्ही म्हणताय ते लोणचं. मृणालचं हे प्यायचं पेय आहे, पाणी मुद्दाम घालायचं असतं. आमचं लहानपण दिल्लीत गेलं. तिथे थंडीत बाजारात काळी गाजरं यायची, त्यांची कांजी होळीपर्यंत घरोघर व्हायची, वर मुगाचे वडे सोडून.

मृणाल, ती झालेली नाही. फ्रिजमध्ये ठेवू नकोस, आहे तिथेच थांबेल. आणि व्हिनेगर तर अजिबात घालू नकोस.

तुझ्या बरणीत दोन कामं चालली आहेत आणि दोघांचा वेग वेगळा आहे. राई कुटून पाण्यात पडली की तिचा झणका लगेच सुटतो, आपण मोहरी फेसतो तेव्हा होतं तेच. त्याचा आंबण्याशी काही संबंध नाही. थंड घरातसुद्धा एक-दोन दिवसांत नाकाला कळतो. आंबटपणा येतो गाजराच्या सालीवरच्या जिवाणूंमुळे. ते गाजरातली साखर खाऊन आम्ल तयार करतात, आणि त्यांना ऊब लागते. २५ ते ३० अंशांत चार-पाच दिवसांत काम होतं, तुझ्या १८ अंशांत आठ-दहा दिवस सहज लागतील. म्हणून नाक म्हणतं झाली आणि जीभ म्हणते नाही. अशा वेळी जिभेचं ऐकायचं. व्हिनेगर घातलंस तर चव आंबट होईल, पण आंबवणाऱ्या जिवाणूंनाच ते जाचेल आणि खरी आंबट किती झाली ते कळायची सोयच उरणार नाही.

शिरीष, उन्हाबद्दल तुमचं अर्धं बरोबर. ऊन हवं ते उबेसाठी. बरणीतल्या गढूळ पाण्यात ऊन जंतू मारत नाही. वाईट जंतूंना रोखतं आधी मीठ आणि राई, नंतर आम्ल. उलट खिडकीत ठेवलेली बरणी रात्री काचेजवळ गारठते, म्हणजे दिवसाचं कमावलेलं रात्री जातं. मृणाल, ओव्हन सुरू न करता नुसता त्यातला दिवा लाव आणि बरणी आत ठेव. शेजारी थर्मामीटर ठेवून बघ, काही ओव्हनमध्ये दिव्यानेच ३५ च्या वर जातं. तसं झालं तर दार थोडं उघडं ठेव. आणि ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटव, नाहीतर घरातलं कोणीतरी पिझ्झासाठी ओव्हन तापवेल.

मला खटकलं ते मीठ. तीन मोठे चमचे घालून वरणाइतपतच कसं लागलं? कुठलं मीठ घेतलंस?

सुनंदा

---

प्रेषक: मृणाल
गुरुवार, संध्याकाळी

सुनंदाताई, ते पापुद्र्यापापुद्र्याचं जाड मीठ असतं ना, ते. आयोडीन नको म्हणून. आत्ता वजन केलं, तीन चमचे मिळून २८ ग्रॅम भरलं.

---

प्रेषक: सुनंदा
गुरुवार, रात्री

मग बरोबर. बारीक मिठाचे तीन चमचे पन्नासच्या वर जातात, तुझं मीठ हलकं आहे. हिशेब पाण्याचा एकट्याचा नाही, भाजीसकट करायचा. २ लिटर पाणी, अर्धा किलो गाजर, बीट धर दीडशे ग्रॅम, म्हणजे २६५० ग्रॅम. त्याचे २ टक्के ५३ ग्रॅम. तुझं जेमतेम १ टक्का झालंय. इतक्या कमी मिठात गाजर मऊ पडतं आणि पाणी बुळबुळीत व्हायची भीती असते, त्यातून बीटाची साखर. अजून २५ ग्रॅम मीठ बरणीतल्याच वाटीभर पाण्यात विरघळवून परत ओत, आणि कोरड्या लाकडी चमच्याने तळापासून हलव. रोज एकदा हलवायचं, वर तरंगणारी गाजरं खाली ढकलायची. पाण्याबाहेर राहिलेल्या टोकांवरच बुरशी धरते.

आयोडीनच्या मिठानेही माझी कांजी झाली आहे. पण त्यावर इथे दोन तट आहेत, मी भांडत नाही.

सुनंदा

---

प्रेषक: प्रसाद
शुक्रवार, सकाळी

माझ्याकडे नेमकं उलटं झालंय. आठवडा झाला, घर चांगलं गरम असतं, पण झणका नाही आणि आंबटही नाही. नुसतं लाल खारट पाणी. राई-मीठ वजन करून घातलंय. सोललेली छोटी गाजरं पाकिटातली घेतली, स्वच्छ असतात म्हणून, आणि त्यावर राई टाकून उकळतं पाणी ओतलं. वर पांढरा पातळ थर आलाय. फेकू का?

प्रसाद

---

प्रेषक: सुनंदा
शुक्रवार, दुपारी

प्रसाद, उकळत्या पाण्याने दोन्हीकडून मार बसला. राईचा झणका तयार करणारा घटक उकळत्या पाण्यात मरतो, म्हणून ती मुकी राहिली. गाजरावर जे काही जिवाणू होते तेही गेले, आणि पाकिटातली सोललेली गाजरं आधीच धुऊन पुसून आलेली, त्यांच्यावर होतेच किती! कांजीला साल न काढता नुसती चोळून धुतलेली गाजरं घ्यावीत.

थर सपाट, कोरडा, सुरकुतलेल्या सायीसारखा असेल तर तो बुरशी नाही, यीस्टचा असतो. चांगल्या चाललेल्या कांजीत मी तो काढून पुढे चालते. पण तुझ्या बरणीत आठवडाभर आम्ल झालेलंच नाही, म्हणजे राखण करणारं कोणीच नव्हतं. ती ओतून दे. नव्याने घाल, गार पाण्यात, आणि मृणालची आंबट झाली की तिच्याकडून वाटीभर विरजण म्हणून घे. केसाळ, हिरवा, काळा किंवा गुलाबी असं काही वर दिसलं, वा वास कुजकट आला, तर चव न घेता फेकायचं. तिथे काटकसर नको.

सुनंदा

---

प्रेषक: मृणाल
सोमवार, रात्री

मीठ घातलं, ओव्हनमध्ये दिव्याखाली २७ अंश मिळताहेत. शनिवारपासून बदल दिसतोय. चमचा घातला की कडेने बारीक बुडबुडे वर येतात, पाणी गढूळ झालंय, तळाशी राईबरोबर फिकट गाळ बसलाय. आज वास घेतला तर झणक्याच्या मागे आंबट वास स्पष्ट येतोय. गाजर बाहेरून आंबट, मधे अजून गोडसर.

पीएचची पट्टीही बुडवली, पण बीटाच्या रंगाने ती लालभडक झाली, काहीच वाचता येईना. रंगावरून कळतं का झाली ते?

---

प्रेषक: सुनंदा
सोमवार, रात्री

काळ्या गाजरांची असती तर कळलं असतं. त्यांचं पाणी सुरुवातीला जांभळट असतं, आम्ल चढलं की माणकासारखं लाल होतं. बीटाचा रंग आम्लाने तसा बदलत नाही, त्यामुळे तुझ्या बरणीत रंग फसवा. पट्टीऐवजी इलेक्ट्रॉनिक मीटर कोणाकडे असेल तर माग. ४ च्या खाली आलं की मी निर्धास्त असते.

मीटर नसेल तर गाजराचा सर्वात जाड तुकडा काढ, मधोमध चिरून आतला भाग चाख. तिथे गोडपणा उरला नसेल, आंबट लागत असेल आणि दाताखाली अजून कुरकुरीत असेल, तर झाली. तू सांगतेस त्यावरून अजून एक-दोन दिवस. मग गाळून बाटल्या फ्रिजमध्ये. गाजरं वेगळी ठेव, पानात वाढता येतात.

सुनंदा

---

प्रेषक: शिरीष
मंगळवार, सकाळी

व्हिनेगरचं मागे घेतो. पण कापड बांधायचं हे मला पटत नाही. हवा आत गेली की वर थर येणारच, प्रसादचं तेच झालं. घट्ट झाकणाची बरणी घ्यावी आणि रोज झाकण सैल करून वायू सोडावा. मीटर माझ्याकडे आहे, संध्याकाळी आणून देतो.

शिरीष

---

प्रेषक: सुनंदा
मंगळवार, सकाळी

हवेचं खरं आहे, थर कमी येईल. पण झाकण सैल करायला विसरलं तर कांजी छताला. रोज हलवणाऱ्या घरात मला कापडच बरं वाटतं.

मृणाल, कार्यक्रमाला नेताना बाटल्या गळ्यापर्यंत भरू नकोस आणि गाडीत गार पेटीतच ठेव. प्रसादसाठी वाटीभर आधी काढून ठेव, नाहीतर वडे आले की उरायची नाही.

---

प्रेषक: विद्या
मंगळवार, दुपारी

वडे कोण करतंय? यादीत नाव दिसत नाही. मी मूगडाळ भिजत घालू का?

विद्याकाकू